खाड्याचा हिशेब

(पुण्यात डबे करणाऱ्या आणि डबे घेणाऱ्या बायकांची एकत्र बैठक झाली. त्या बैठकीतील भाषणाचा हा मजकूर. आकडे एका डबेवाल्या ताईंच्या वहीवर आधारलेले असून समजायला सोपे जावे म्हणून पूर्ण रकमेत मांडले आहेत.)



आजची बैठक एका भांडणातून ठरली, हे तुम्हाला माहीतच आहे. भांडण आपल्याच दोघींमधले आहे. एक नोकरी करणारी मुलगी, गाव सोडून इथे कॉट बेसिसवर राहणारी. दुसऱ्या तिला संध्याकाळचा डबा देणाऱ्या ताई. दोघी आपल्या गटात येतात, मोर्चात शेजारी शेजारी चालतात. महिनाअखेर मुलगी म्हणाली, "मी २,५८० रुपये दिले आणि २० डबे खाल्ले. म्हणजे एक डबा मला १२९ रुपयांना पडला. ही लूट आहे." ताई म्हणाल्या, "मी ८० रुपयांनी डबा देते. खाडे धरून धरून माझ्याच हातात काही उरत नाही." दोघींच्या डोळ्यांत पाणी. दोघीही खोटे बोलत नव्हत्या. पण दोघींचा हिशेब अर्धा होता. तो आज आपण पूर्ण करू.

आधी ठरले काय होते ते पाहू. रविवार सोडून महिन्याचे २६ डबे, डब्याला ८० रुपये, म्हणजे महिन्याचे २,०८० रुपये आगाऊ. शिवाय ५०० रुपये अनामत, म्हणजे डिपॉझिट. आदल्या रात्री आठच्या आत कळवले तर खाड्याचे ४५ रुपये परत. न कळवता डबा नाकारला तर काही परत नाही. मुलीचे महिन्यात सहा खाडे झाले. चार तिने वेळेत कळवले होते. दोन दिवस ऑफिसात उशीर झाला, डबा खोलीच्या दाराशी तसाच राहिला आणि दुसऱ्या दिवशी भरलेला परत गेला. महिना संपल्यावर तिने डबा बंद केला.

आता तिच्या खिशातून खरोखर गेले किती? दिले २,५८०. चार खाड्यांचे १८० परत आले. डबे परत केल्यावर ५०० अनामत परत आली. राहिले १,९००. ते भागिले २० जेवणे, म्हणजे जेवणाला ९५ रुपये. मुलीचे १२९ चुकले, कारण अनामत तिने खर्चात धरली. अनामत हा जेवणाचा पैसा नाही. तो तुमचाच पैसा आहे, दुसरीकडे ठेवलेला. पण ताईंचे ८० रुपयेही मुलीच्या बाजूने खरे नाहीत. तिला जेवण ९५ लाच पडले. मग वरचे १५ रुपये कुठे गेले? ताईंनी खाल्ले का? ते पाहायला आपल्याला ताईंच्या स्वयंपाकघरात जावे लागेल.

ताईंचे २० डबे आहेत. आम्ही दोघी-तिघी त्यांच्याकडे तीन दुपारी बसलो आणि एकेक गोष्ट लिहून काढली. एका डब्याचा शिधा, म्हणजे कणीक, तांदूळ, डाळ, भाजी, तेल, मसाला, धरून ४२ रुपये. त्या डब्यापुरता गॅस ३ रुपये. हे झाले ४५. डबा केला नाही तर हे ४५ वाचतात. खाड्याला ४५ परत देण्याचे ठरले ते इथून आले. म्हणजे ताईंनी अंदाजाने का होईना, आकडा बरोबर धरला होता.

आता दुसरा खर्च बघा. पोळ्या लाटायला एक बाई येते, तिचा पगार महिना ४,५०० रुपये. सायकलवरून डबे पोचवणारा मुलगा, त्याला ३,९००. साबण, दिवा, डब्यांची डागडुजी वगैरे १,३००. हे मिळून ९,७०० रुपये. वीसऐवजी सतरा डबे गेले म्हणून पोळ्यावाल्या बाईचा त्या दिवसाचा पगार कापायचा का? आपल्यापैकी कोणी हो म्हणणार नाही, आणि म्हणूही नये. मुलालाही त्याच गल्ल्यांतून जावेच लागते. खाड्याने हा खर्च एक रुपयाही कमी होत नाही.

एकही खाडा नसेल तर ताईंना महिन्याला ४१,६०० रुपये मिळतात. त्यातून शिधा आणि गॅस २३,४०० आणि हा पगारापाण्याचा खर्च ९,७०० वजा केला की राहतात ८,५००. ही ताईंची मजुरी. त्यांचे काम मंडईपासून भांडी घासेपर्यंत रोज पाच तासांचे. २६ दिवसांचे १३० तास. म्हणजे तासाला ६५ रुपये.

आता समजा, ताईंनी भांडण नको म्हणून सगळ्यांना खाड्याचे पूर्ण ८० रुपये परत दिले. अशा डबेवाल्या बायका आपल्यात पुष्कळ आहेत. वीस जणींनी प्रत्येकी चार खाडे केले, म्हणजे ८० खाडे. परत द्यायचे ६,४००. वाचला काय, तर शिधा-गॅस ३,६००. फरक २,८०० रुपयांचा. तो कुठून जाणार? वाणी सोडणार नाही, गॅसवाला सोडणार नाही, पोळ्यावाल्या बाईचा पगार द्यायलाच हवा. तो जातो ताईंच्या ८,५०० मधून. राहतात ५,७००, तासाला ४४ रुपये. आणि हेच ८० खाडे ऐनवेळी झाले, स्वयंपाक होऊन वाया गेला आणि तरीही पूर्ण पैसे परत दिले, तर ताईंच्या हाती २,१०० रुपये राहतात. तासाला १६ रुपये. "माझ्या हातात काही उरत नाही" असे ताई म्हणत होत्या, त्याचा अर्थ हा. आधीच्या दोन महिन्यांत त्यांनी असेच पूर्ण पैसे परत दिले होते. या महिन्यात पहिल्यांदा नियम लावला, आणि पहिल्यांदा भांडण झाले.

इथे मला दुधाच्या खाड्याची आठवण होते. आपण सगळ्याच जणी कॅलेंडरवर दुधाचे खाडे लिहितो आणि महिनाअखेर पूर्ण पैसे कापून घेतो. तीच सवय आपण डब्याला लावतो. पण आपण न घेतलेले दूध दूधवाला दुसऱ्या दारी विकतो, नाहीतर त्याचे दही लावतो. ताईंनी आपल्यासाठी राखलेली जागा त्या दिवशी कोणाला विकता येत नाही. त्यांचे हात तेवढ्याच वेळ राबतात. वीस पोळ्यांऐवजी सतरा जणींच्या पोळ्या केल्या, म्हणून मंडईतली खेप वाचत नाही. डब्यात अन्न असते आणि श्रम असतात. खाडा झाला की अन्न वाचते, श्रम वाचत नाहीत. पूर्ण पैसे कापणे म्हणजे बाईच्या श्रमाची किंमत शून्य धरणे. "घरी करतातच, त्यात चार जास्त" असे जे म्हटले जाते, त्याचेच हे आकड्यातले रूप आहे.

ही गोष्ट आजची नाही. मुंबईच्या गिरणगावात खानावळी चालवणाऱ्या बायका गिरणी कामगारांना महिनाभर जेवू घालत आणि पैसे पगाराच्या दिवशी घेत. मधल्या काळात वाण्याची उधारी आणि सावकाराचे व्याज त्यांच्याच डोक्यावर. १९७५ साली प्रेमाताई पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ सुरू करून या बायकांना बँकेचे कर्ज मिळवून दिले, ते याच कारणाने. पुढे १९८२ च्या संपात कामगारांचा पगारच थांबला, आणि ज्यांची चूल त्या पगारावर चालत होती त्या बायकांचे हाल कोणत्याही पगारपत्रकावर चढले नाहीत. आज पैसे आगाऊ मिळतात, एवढी सुधारणा झाली आहे. पण खाड्याच्या वाटेने तोच बोजा बाईवर परत येऊ शकतो.

आता मुलीच्या बाजूने बघू, कारण तिचेही खरे आहे. तिचा पगार लहान. तिला जेवणामागे १५ रुपये जास्त का द्यावे लागले, हे तिला कोणी समजावून सांगितले नव्हते. आपण तिचा हिशेब दोन भागांत मांडू. प्रत्येक डब्यामागे ४५ रुपये अन्नाचे. आणि महिन्याला ९१० रुपये जागेचे, म्हणजे श्रम, पगार, पोच या सगळ्यातला तिचा वाटा. २६ डबे घेतले तर ९१० रुपये २६ डब्यांवर पसरतात, डब्याला ३५ येतात आणि दर ८० होतो. सहाही खाडे तिने वेळेत कळवले असते, तर २० डब्यांवर पसरून जेवण ९० रुपये ५० पैशांना पडले असते. ८० पासून इथपर्यंतची वाढ खाड्यांची. तिथून ९५ पर्यंतचे साडेचार रुपये त्या दोन वाया गेलेल्या डब्यांचे. त्या डब्यांत ताईंचा नफा नव्हता. ती कणीक मळलेली होती, ती भाजी शिजलेली होती.

यातून घेणारीने एक गोष्ट शिकायची. खाडे वाढले की जेवण महाग होते, आणि एका मर्यादेनंतर महिना लावणेच परवडत नाही. ताई सुटा डबा ९५ ला देतात. सुटा डबा आदल्या दिवशी सांगावा लागतो, आणि जागा नसेल तर मिळत नाही. १९ डबे घेणार असाल तर महिना लावलेला स्वस्त पडतो. १८ किंवा त्याहून कमी घेणार असाल, म्हणजे आठ किंवा जास्त खाडे पडणार असतील, तर सुटे डबे स्वस्त. रात्रपाळी असलेल्या मुलींनी, दर आठवड्याला गावी जाणाऱ्यांनी महिना सुरू होण्याआधी हे बोटांवर मोजावे. नंतर भांडण्यापेक्षा ते सोपे आहे. डबेवालीनेही हे स्वतःहून सांगावे. वीस खाडे करणारीकडून महिन्याचे पैसे घेतले, तर ती पुढच्या महिन्यात राहत नाही आणि बाहेर नाव खराब करते.

आणखी एक पद्धत आहे. खाड्याचे पूर्ण पैसे परत द्यायचे, पण सगळ्यांचाच दर वाढवायचा. सरासरी चार खाडे धरले तर दर सहा-साडेसहा रुपयांनी वाढवावा लागतो. मग ताईंची मजुरी शाबूत राहते. पण एकही खाडा न करणारी बाई इतरांच्या खाड्यांचे पैसे भरते. ज्या गटात सगळ्यांचे खाडे साधारण सारखे असतात, तिथे हे चालेल. मुद्दा एवढाच की खाड्याचा बोजा कोणीतरी उचलतेच. खाडा करणारीने, सगळ्यांनी मिळून, की डबेवालीने, हे आधी बोलून ठरवायचे. न बोलता सोडले तर तो नेहमी डबेवालीवर पडतो.

पण नियम दोन्ही बाजूंनी सारखा हवा. ताई स्वतः आजारी पडल्या किंवा गौरी-गणपतीला गावी गेल्या आणि डबा बंद राहिला, तर तो घेणारीचा खाडा नाही. तिथे ४५ नाही, पूर्ण ८० परत द्यायचे. दोन दिवस बंद राहिला तर २,०८० मधून १६० वजा, राहिले १,९२०, भागिले २४, पुन्हा ८० च. घेणारीला फरक पडत नाही, तसाच पडायला हवा. इथे काही डबेवाल्या बायका चुकतात. आपल्या सुट्टीचेही ४५ च परत देतात आणि मग मुलींचा विश्वास उडतो. ताईंनीही मागे एकदा असे केले होते, हे त्यांनी आज सर्वांसमोर कबूल केले. आजारपणाचा तोटा ताईंवर पडतो, हे खरे आहे. त्यांना पगारी रजा कोण देणार? त्यावर इलाज घेणारीच्या खिशात नाही. जवळपासच्या दोन डबेवाल्या बायकांनी एकमेकींचे दोन-चार दिवस सांभाळायचे ठरवले, तर तोच इलाज आहे. आपल्या गटातल्या दोघींनी तसे ठरवलेही आहे.

आता अनामतीकडे येते. मुलीच्या रागातला अर्धा भाग अनामतीचा होता, कारण ती परत यायला तिला तीन खेपा माराव्या लागल्या. ताईंचे मन वाईट नव्हते. वीस जणींचे ५०० म्हणजे दहा हजार रुपये त्यांच्याकडे आले आणि त्यातून त्यांनी स्टीलचे डबे घेतले. प्रत्येकीला दोन डबे लागतात, एक तिच्याकडे, एक घरी भरायला. पैसा डब्यांत अडकला. मग एक मुलगी गेली की नव्या मुलीची अनामत जुनीला द्यायची, असे चालते. मे महिन्यात परीक्षा संपून पाच जणी एकदम गेल्या आणि नवी कोणी आली नाही, की अडीच हजार कुठून आणायचे? तिथे खेपा सुरू होतात.

अनामत ही कमाई नाही, कर्ज आहे, हे डबेवालीने मनाशी पक्के करावे. निदान निम्मी रक्कम वेगळ्या बचत खात्यात ठेवावी आणि उन्हाळ्याआधी ती भरून काढावी. घेतल्याची पावती द्यावी, वहीत तारीख लिहावी. डबे परत आले त्याच दिवशी पैसे द्यावेत. कापायचे ते फक्त हरवलेल्या किंवा मोडलेल्या डब्याचे, आणि तेही बाजारभावाने. खाड्याचे वाद अनामतीतून वसूल करायचे नाहीत.

अनामत परत आलीच नाही तर काय होते, तेही बघा. या मुलीने एकच महिना डबा घेतला. ५०० बुडाले असते तर २० जेवणांवर जेवणाला २५ रुपये चढले असते, आणि ९५ चे १२० झाले असते. हीच मुलगी वर्षभर राहिली असती आणि अडीचशे जेवणे झाली असती, तर जेवणाला दोनच रुपये चढले असते. म्हणजे अडकलेली अनामत सर्वात जास्त टोचते ती लवकर सोडून जाणारीला. बदलीवरच्या, नोकरी सुटलेल्या, लग्न ठरल्यामुळे घरी बोलावून घेतलेल्या मुलींना. त्यांचे भांडायचे बळ तेव्हा सर्वात कमी असते.

काही जणी म्हणतात, अनामत शेवटच्या महिन्यात वळती करून घ्या, म्हणजे झंझट नको. मग शेवटच्या महिन्याला मुलगी १,५८० देते आणि तिला वाटते, डबा ६१ रुपयांना पडला. तो पडला ८० लाच. आणि डबेवालीचे दोन डबे परत येत नाहीत, कारण त्यांच्यासाठी धरलेले पैसेच राहिले नाहीत. तेव्हा जेवणाचा हिशेब वेगळा आणि डब्यांचा वेगळा, दोन्ही एकाच पानावर असू देत, पण बेरीज एक करू नका.

शेवटी वहीबद्दल. प्रत्येकीच्या नावाचे एक पान, रोज एक खूण. डबा गेला, कळवून खाडा, किंवा भरलेला परत. ताईंनी स्वतः बंद ठेवला असेल तर चौथी खूण. महिनाअखेर या खुणांची बेरीज २६ व्हायलाच हवी. नाही झाली तर कोणाचा तरी एक दिवस हरवला आहे, आणि भांडण नेमके त्या दिवसाचे असते. कळवल्याची खूण त्याच रात्री करायची, दुसऱ्या दिवशी आठवून नाही. घेणारीनेही आपल्या कॅलेंडरवर तसेच लिहावे, आणि दर शनिवारी दोन्ही जुळवून बघावे. आठवड्याचा वाद पाच मिनिटांत मिटतो, महिन्याचा मिटत नाही.

आपल्या या दोघींनी काल रात्री वही आणि कॅलेंडर समोरासमोर ठेवले. बेरीज २६ आली. चार कळवून खाडे, दोन भरलेले परत, वीस जेवणे. मुलीने १,९०० चा आकडा मान्य केला. ताईंनी तीन खेपांबद्दल माफी मागितली, आणि पुढच्या महिन्यापासून मुलगी सुटे डबे घेणार आहे, कारण तिची पाळी बदलली आहे आणि तिने मोजून पाहिले आहे. ताईंनी विचारले, "मग माझी एक जागा रिकामी राहणार ना?" हो, राहणार. ती भरायला कोणाला महिन्याचा डबा हवा असेल, तर बैठक संपल्यावर ताई इथेच दाराशी बसल्या आहेत. पावतीपुस्तक आज त्यांच्याजवळ आहे.